कुणाच्या परवानगीने?

ऊस देशात ईयोब नावाचा एक गृहस्थ होता. सात मुलगे, तीन मुली, ७,००० मेंढरे, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी आणि नोकरचाकरांचा मोठा राबता. माणूस सरळ, देवाला भिऊन वागणारा. एके दिवशी स्वर्गात देवाचा दरबार भरला. देवदूत हजर झाले आणि त्यांच्यात सैतानही आला. तो चोरपावलांनी आला नव्हता, कुणी त्याला दारात अडवलेही नाही. कुठून आलास, असे देवाने विचारले. पृथ्वीवर फिरून आलो, असे त्याने सांगितले. मग देवानेच ईयोबाचा विषय काढला, त्याच्यासारखा भला माणूस दुसरा नाही म्हणाला. त्यावर सैतानाचे म्हणणे एवढेच की, ही भक्ती फुकटची नाही. तू त्याला भरभरून दिले आहेस. ते काढून घे, मग पाहा तो तुला तोंडावर शिव्याशाप देतो की नाही.

देवाने परवानगी दिली, पण अट घालून. मालमत्तेला हात लाव, त्याच्या अंगाला नको. त्यानंतर एकाच दिवसात शबाई लोकांनी बैल आणि गाढवी पळवल्या, आकाशातून पडलेल्या अग्नीने मेंढरे जळाली, खास्द्यांच्या टोळ्यांनी उंट नेले आणि वाळवंटाकडून आलेल्या वादळाने घर कोसळून दहाही मुले गेली. ईयोब डगमगला नाही. सैतान पुन्हा दरबारात आला आणि पुन्हा त्याला परवानगी मिळाली, पुन्हा अटीसह. अंगाला हात लाव, पण जीव घेऊ नकोस. ईयोबाच्या तळपायापासून टाळूपर्यंत गळवे उठली. राखेत बसून तो खापरीने अंग खाजवू लागला.

बायबलच्या जुन्या करारातला हा ग्रंथ ४२ अध्यायांचा आहे आणि सैतान त्यात फक्त पहिल्या दोन अध्यायांत भेटतो. पुढे ईयोब रडतो, चिडतो, देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र त्याला बजावतात की, तूच काहीतरी पाप केले असणार. शेवटी वावटळीतून खुद्द देव बोलतो. पण या साऱ्या बोलण्यात सैतानाचा उल्लेखही होत नाही. त्याचे काम झाले, तो गेला. हा देवाचा शत्रू नाही. दरबारात माणसांविरुद्ध फिर्याद मांडण्याचे काम ज्याच्याकडे आहे, असा तो एक अधिकारी आहे. जे करतो ते विचारून करतो आणि घालून दिलेली हद्द ओलांडत नाही.

देवदूत, सैतान, जिन्न, मार, असुर यांच्याबद्दल वाचताना वाचकाला सहसा पहिला प्रश्न पडतो तो ते आहेत की नाहीत, हा. त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर अवलंबून आहे. मला त्याहून उपयोगी वाटतो तो दुसरा प्रश्न: हा त्रास देणारा अदृश्य जीव कुणाच्या परवानगीने वागतो? या एका प्रश्नाच्या उत्तरात त्या त्या धर्माचा देव कसा आहे, जगातल्या दुःखाची जबाबदारी कुणाची आणि माणसाच्या हातात किती, हे सगळे उघड होते.

ज्यू परंपरेचे उत्तर कसे सरकत गेले, हे बायबलमध्येच एका ठिकाणी डोळ्यांनी दिसते. दावीद राजाने आपल्या प्रजेची शिरगणती केली. सेनापती यवाबाने नको म्हणून सांगितले, राजाने ऐकले नाही. ही गणती पाप ठरली, देशात मरी आली आणि ७०,००० माणसे मेली. ही हकिकत बायबलमध्ये दोनदा आली आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, २४व्या अध्यायात, देवाचा कोप इस्राएलवर भडकला आणि त्यानेच दावीदाला गणतीची प्रेरणा दिली, असे म्हटले आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, २१व्या अध्यायात, तीच गणती, तोच राजा, तोच सेनापती, तीच मरी आहे. पण प्रेरणा देणारा बदलला आहे. तिथे सैतान उभा राहतो आणि तो दावीदाला चिथावतो.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून हे दोन अध्याय वाचून पाहावेत. इतिहासाचे पुस्तक नंतरचे आहे, हे अभ्यासकांत सर्वमान्य आहे. ते लिहिणाऱ्याला जुनी हकिकत ठाऊक होती, पण देवाने स्वतः माणसाला पाप करायला लावावे आणि वर त्याची शिक्षाही द्यावी, हे त्याला पटेना. मग ते काम देवाच्या हातून काढून दुसऱ्याकडे दिले गेले. सैतानाची वाढ इथून सुरू होते. देव जितका निष्कलंक व्हावा असे भक्ताला वाटते, तितके दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर ओझे टाकावे लागते.

या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात मोठी उलथापालथ झाली होती. बाबिलोनी फौजांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, ज्यू लोकांना बाबिलोनला नेले आणि इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कुरुश राजाने बाबिलोन जिंकले. पुढची दोन शतके ज्यू इराणी साम्राज्याची प्रजा होते. इराणी धर्माचे, म्हणजे आपल्या मुंबईतल्या पारशांच्या धर्माचे, या प्रश्नाचे उत्तर अगदी वेगळे होते. परवानगी कुणाचीच नाही. जो वाईट आहे तो मुळापासून वाईट आहे आणि आपल्या मर्जीने आहे.

‘बुंदहिश्न’ या पहलवी भाषेतल्या ग्रंथात ही कथा सविस्तर येते. वर प्रकाशात अहुरमझ्द, खाली अंधारात अहरिमन आणि मध्ये पोकळी. अहरिमनला प्रकाश दिसतो आणि तो त्यावर चाल करून येतो. अहुरमझ्द त्याला तह देऊ करतो, तो नाकारतो. मग अहुरमझ्द युद्धाची मुदत ठरवून घेतो: ९,००० वर्षे. मुदत ठरली की वाईटाचा अंत ठरला, हे अहुरमझ्दला दिसत असते. अहरिमनला पुढचे दिसत नाही म्हणून तो कबूल होतो. त्यानंतर अहुरमझ्द ‘अहुनवर’ मंत्र म्हणतो आणि तो ऐकून अहरिमन ३,००० वर्षे भोवळ येऊन पडतो. हा मंत्र आजही पारशी मूल प्रार्थना शिकू लागले की अगदी सुरुवातीला शिकते. इथे देव वाईटाला परवानगी देत नाही, त्याला काळाच्या चौकटीत अडकवतो. आणि माणूस हा या लढाईतला शिपाई आहे. खरे बोलणे, शेत पिकवणे, पाणी आणि अग्नी स्वच्छ ठेवणे ही त्याची हत्यारे.

इराणकडून ज्यूंकडे किती गेले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण एक खूण ठळक आहे. कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या ‘तोबित’ या पुस्तकात साराह नावाच्या मुलीला एका राक्षसाने पछाडले आहे आणि त्याने तिचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मारले आहेत. ही साराह राहते इराणातल्या एकबाताना शहरात आणि तो राक्षस अस्मोदेव म्हणजे अवेस्तातला क्रोधाचा दैत्य अएष्म, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राफाएल देवदूताच्या सल्ल्याने तोबिया माशाचे काळीज आणि यकृत निखाऱ्यावर जाळतो, त्या वासाने राक्षस इजिप्तपर्यंत पळतो आणि तिथे राफाएल त्याला बांधून टाकतो.

पारशांच्या या उत्तरावरून एकोणिसाव्या शतकात मुंबईत मोठा वाद पेटला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये पारशी धर्मावर एक जाडजूड पुस्तक काढले आणि दोन स्वयंभू शक्ती मानणारा हा धर्म एकेश्वरवादी म्हणवून घेऊ शकत नाही, असा हल्ला चढवला. पारशी विद्वानांना उत्तर देणे जड गेले. ते उत्तर पुढे पुण्याहून आले. जर्मन पंडित मार्टिन हाउग १८५९ पासून पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृत विभागाचे प्रमुख होते. १८६२ मध्ये मुंबईत छापलेल्या निबंधांत त्यांनी दाखवले की, जरथुष्ट्राच्या स्वतःच्या गाथांमध्ये अंग्र मैन्युची जोडी अहुरमझ्दशी नाही, ती स्पेन्त मैन्यु या शुभ प्रेरणेशी आहे. दोन प्रेरणा जुळ्या, त्यांच्यावर देव एकच. अनेक पारशांनी हे उत्तर मनापासून स्वीकारले. काहींना मात्र ते आजही मान्य नाही आणि त्यांच्या आक्षेपात दम आहे. कारण दोन्ही प्रेरणा एका देवापासून आल्या म्हटले की वाईटाची जबाबदारी पुन्हा देवाच्या दारात येते. बुंदहिश्नवाल्यांनी नेमके तेच टाळले होते.

ख्रिस्ती धर्मात ही दोन्ही उत्तरे एकत्र नांदतात. प्रकटीकरणाच्या पुस्तकात सैतान म्हणजे प्रचंड अजगर, स्वर्गात युद्ध करणारा, मीखाएलाने खाली फेकलेला. तिथे तो उघड शत्रू आहे. पण लूकच्या शुभवर्तमानात, अटकेच्या आदल्या प्रहरी, येशू शिमोन पेत्राला सांगतो की, सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळण्यासाठी मागून घेतले आहे. मागून घेतले, म्हणजे इथेही परवानगी आहे. ईयोबाच्या वेळचा दरबार पूर्ण मोडलेला नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत लिहिलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त, १६१६ मध्ये, गोव्यातल्या नवख्रिस्ती माणसाला ही बंडखोर देवदूताची कथा पहिल्यांदा ओवीत ऐकायला मिळाली.

इस्लाममध्ये हा प्रश्न सर्वांत रोखठोकपणे मांडला आहे. अल्लाहने मातीपासून आदम घडवला आणि फरिश्त्यांना त्याच्यापुढे सजदा करायला सांगितले. सर्वांनी केला, इब्लिसने नाही केला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, मी याच्याहून श्रेष्ठ, मला तू आगीपासून घडवलेस आणि याला मातीपासून. त्याला हाकलून देण्यात आले. तेव्हा त्याने एक मागणी केली: मेलेले पुन्हा उठवले जातील त्या दिवसापर्यंत मला मुदत दे. मुदत मिळाली. माणसांना वाट चुकवीन, असे त्याने सांगितले आणि त्यालाही हद्द आखून मिळाली: जे माझे खरे बंदे आहेत त्यांच्यावर तुझी सत्ता चालणार नाही, तुझ्या मागून स्वतःहून येणारे तेवढे तुझे.

इब्लिस मुळात फरिश्ता की जिन्न, यावर तफसीरकारांत जुने मतभेद आहेत. कुराणाच्या १८व्या सूरेत तो जिन्नांपैकी होता असे स्पष्ट येते. हा तपशील क्षुल्लक नाही. फरिश्ते प्रकाशाचे, त्यांना आज्ञा मोडता येत नाही. जिन्न धूरविरहित आगीचे आणि त्यांना माणसासारखेच निवडीचे स्वातंत्र्य आहे. त्यांच्यात भलेही असतात आणि बुरेही. ७२व्या सूरेत जिन्नांचा एक गट कुराण ऐकतो आणि ईमान आणतो. तेव्हा जिन्न म्हणजे भूत, ही आपली रोजची समजूत कुराणाशी जुळत नाही. जिन्न ही माणसांशेजारी राहणारी, दिसत नसलेली आणि स्वतःच्या कर्माचा हिशेब देणारी जमात आहे.

या कथेचा कळस १४व्या सूरेत आहे. न्यायाचा दिवस संपल्यावर सैतान आपल्यामागे आलेल्यांना सांगतो की, माझा तुमच्यावर काहीही जोर नव्हता. मी फक्त हाक मारली, तुम्ही ओ दिलीत. मला दोष देऊ नका, स्वतःला द्या. सैतानाने करायला लावले, ही सबब इथे खुद्द सैतानच काढून घेतो. माणसाच्या जबाबदारीवर याहून कठोर लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

सूफींना मात्र इब्लिसच्या नकारात आणखी काही दिसले. बगदादमध्ये ९२२ साली ज्याला देहदंड झाला, त्या हल्लाजने ‘तवासीन’मध्ये इब्लिसला एकनिष्ठ प्रेमिकाच्या रूपात उभे केले. अल्लाहखेरीज कुणापुढेही वाकायचे नाही, हा त्याचा हट्ट. त्या हट्टापायी त्याने कायमचा विरह पत्करला. हे मत इस्लामच्या मुख्य प्रवाहाने स्वीकारले नाही, पण ते पुसलेही गेले नाही.

उत्तर इराकमधले यझिदी लोक सात देवदूतांचा प्रमुख म्हणून तावूसी मेलेकला, मोररूपी देवदूताला, मानतात. त्यांच्यातल्या प्रचलित कथेनुसार त्यानेही आदमपुढे वाकायला नकार दिला, पण देवाने आधी फक्त माझ्यापुढेच वाका असे सांगितले होते. म्हणजे ती परीक्षा होती आणि तो तिच्यात उतरला. म्हणून देवाने जगाचा कारभार त्याच्याकडे सोपवला. शेजाऱ्यांनी या कथेतला नकार तेवढा ओळखला आणि यझिदींना शतकानुशतके सैतानपूजक ठरवले. ऑगस्ट २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटच्या टोळ्यांनी सिंजार भागात हाच शिक्का मारून हजारो यझिदींना ठार केले आणि बायका-मुलींना गुलाम म्हणून विकले. त्यातून निसटलेल्या नादिया मुराद यांना २०१८ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. अदृश्य जीवांविषयीचे मतभेद कुठवर जाऊ शकतात, हे विसरून या विषयावर लिहिता येत नाही.

बौद्ध धम्मात आले की हा प्रश्नच निराळा होतो, कारण तिथे परवानगी देणारा सर्वसत्ताधीश देव नाही. मार आहे, पण तो पाताळातला नाही. तो कामलोकातल्या सर्वांत वरच्या स्वर्गाचा, म्हणजे सुखाच्या टोकाचा, स्वामी आहे. माणूस वासनेत राहिला की त्याच्या राज्यात राहिला. कुणी सुटू लागले की त्याची प्रजा कमी होते, म्हणून तो आडवा येतो.

पाली त्रिपिटकात ‘मारसंयुत्त’ या प्रकरणात अशी २५ सुत्ते आहेत. मार कधी हत्ती होतो, कधी साप, कधी चिखलाने माखलेले पाय आणि हातात आसूड असा शेतकरी होऊन हरवलेले बैल शोधायला येतो. बुद्ध त्याच्याशी लढत नाही, त्याला हाकलतही नाही. हा मार आहे हे ओळखतो आणि तसे सांगतो. मग मार ‘भगवंतांनी मला ओळखले’ असे म्हणत खिन्न होऊन नाहीसा होतो. जवळजवळ प्रत्येक वेळी शेवट हाच.

भिक्खुणींच्या प्रकरणातली सोमाची कथा मला फार मोलाची वाटते. श्रावस्तीजवळच्या अंधवनात ती ध्यानाला बसली असता मार येऊन म्हणतो की, ऋषींनाही कठीण असलेले ते पद बाईच्या दोन बोटांच्या अकलेला कुठून मिळणार? शिजलेला भात दोन बोटांनी चेपून पाहणारी ती बाई, एवढीच तिची अक्कल, असा या टोमण्याचा अर्थ टीकाकारांनी लावला आहे. सोमा विचार करते की हे कोण बोलते आहे, माणूस की आणखी कुणी? मग तिला उमजते की हा मार आहे. ती उत्तर देते: मन एकाग्र झाले आणि ज्ञान वाहू लागले की बाईपणाचा संबंध येतो कुठे? मी स्त्री आहे, मी पुरुष आहे, असे ज्याच्या मनात उरले असेल त्याच्याशीच माराने बोलावे. दोन हजार वर्षांपूर्वी बाईला कमी लेखणारा आवाज हा माराचा आवाज आहे, असे या परंपरेने लिहून ठेवले.

मज्झिम निकायातल्या ५०व्या सुत्तात तर मार मोग्गल्लान स्थविरांच्या पोटात शिरतो. उडीद भरल्यासारखे पोट जड का झाले, म्हणून ते लक्ष देऊन पाहतात आणि त्याला ओळखून बाहेर बोलावतात. दाराशी उभ्या असलेल्या माराला ते सांगतात की, पूर्वी एका जन्मात मीच दूसी नावाचा मार होतो. काली माझी बहीण, तू तिचा मुलगा, म्हणजे तू माझा भाचा. त्या पदावर असताना मी ककुसंध बुद्धाच्या शिष्याला छळले आणि त्यापायी दीर्घकाळ नरक भोगला. तेव्हा मार हे पद आहे. त्यावर बसणारा मरतो, कर्म भोगतो आणि पुढे कधीतरी बुद्धाचा अग्रश्रावकही होऊ शकतो. कायमचा दुष्ट असा कुणीच नाही.

अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात डाव्या भिंतीवर मारविजयाचे मोठे शिल्प आहे. भूमीला स्पर्श करून बसलेला बुद्ध, वर चाल करून येणारी सेना आणि खाली माराच्या नाचणाऱ्या मुली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, ही सेना म्हणजे सिद्धार्थाच्या मनात उठलेले दुष्ट विचार आणि विकार होत, असा अर्थ दिला. काहींना ही आधुनिक सोय वाटते. पण ओळखले की नाहीसा होणारा शत्रू मूळ सुत्तांतच आहे, तेव्हा बाबासाहेबांची वाट तिथूनच निघते, असे माझे मत आहे.

हिंदू पुराणांत परवानगीला वर म्हणतात. असुर तपश्चर्या करतो, ब्रह्मदेव किंवा शंकर प्रसन्न होतो आणि मग सगळ्या त्रिलोकाला त्याचा त्रास भोगावा लागतो. वर देणाराही नियमाने बांधलेला आहे. तप झाले की फळ द्यावेच लागते, मग तप करणारा कुणीही असो. भागवतातली जय-विजयांची कथा तर थेट ईयोबाच्या दरबाराची आठवण करून देते. वैकुंठाच्या दारावरचे हे दोघे सनकादिकांच्या शापाने खाली आले. भक्त म्हणून सात जन्म की शत्रू म्हणून तीन, असा पर्याय मिळाल्यावर लवकर परत यायचे म्हणून त्यांनी शत्रुत्व पत्करले, असे कीर्तनकार सांगतात. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्र हे ते तीन जन्म. विष्णूच्या देवळात गाभाऱ्याच्या दाराशी आपण ज्यांना ओलांडून आत जातो, तेच हे.

जेजुरीला उत्तर आणखी घरगुती होते. मल्हारी माहात्म्यानुसार मणी मरताना शरण आला आणि खंडोबाच्या प्रत्येक ठिकाणी मला जागा मिळावी, असे त्याने मागितले. मल्लाने मात्र जगाचा नाश मागितला, म्हणून त्याचे मस्तक पायरीशी ठेवले आणि भक्तांचे पाय त्यावर पडू लागले. हरलेल्या दैत्याला देवळाबाहेर काढायचे नाही, त्याला आवारातच त्याच्या योग्यतेची जागा द्यायची, ही आपल्याकडची रीत. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा भुतांचा अधिपती आणि गावाचा राखणदारही आहे. त्याला केळ्यांचे घड आणि माणसाच्या पायात कधीच बसणार नाहीत अशा मोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री गावाच्या हद्दीत फिरून तो त्या झिजवतो, असे गावकरी सांगतात.

त्रास देणाऱ्याला परवानगी कोण देतो, हे इथवर पाहिले. पण त्रास काढणाऱ्याला परवानगी कोण देतो, हा प्रश्न जास्त निकडीचा आहे, कारण त्यात हाडामांसाची माणसे मरतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतले ११७२ क्रमांकाचे कलम सांगते की, स्थानिक बिशपच्या खास आणि स्पष्ट परवानगीखेरीज कुणीही पछाडलेल्या माणसावर भूत काढण्याचा विधी करू नये. १९९९ च्या सुधारित विधिग्रंथात मानसिक आजार आणि पछाडणे यांत गल्लत होऊ नये, म्हणून सावधगिरी बजावली आहे. ही सावधगिरी पुस्तकी नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात एका विद्यार्थिनीला अपस्माराचा विकार होता. तिला भुते दिसू लागली. बिशपच्या परवानगीने दोन धर्मगुरूंनी सुमारे दहा महिन्यांत तिच्यावर ६७ वेळा विधी केला. औषधोपचार मागे पडले, तिने अन्न सोडले आणि १ जुलै १९७६ रोजी, वयाच्या २३व्या वर्षी, उपासमार आणि पाण्याअभावी ती गेली. १९७८ मध्ये न्यायालयाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवले. लेखी परवानगी होती, आणि तिचा काही उपयोग झाला नाही.

घरातली बाई किंवा मुलगा अचानक वेगळ्या आवाजात बोलू लागला, झटके येऊ लागले, खाणे-झोपणे सुटले, तर आधी दवाखाना. अंगारा, प्रार्थना, दुआ करायची असेल त्याने ती उपचाराच्या बरोबरीने करावी, उपचाराच्या जागी नको. डॉक्टरने दिलेले औषध कुणी बंद करायला सांगितले, रुग्णाला बांधायला किंवा उपाशी ठेवायला सांगितले, की तिथून उठून यावे. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुखण्यात त्याचेच पाप शोधले, आणि त्या ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग झाला तो त्या मित्रांवर.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर चारच दिवसांत, ऑगस्ट २०१३ मध्ये, वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे, छताला टांगणे हे सगळे त्याच्या अनुसूचीत नावानिशी लिहिलेले आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. असा प्रकार कुठे चालू असल्याचे कळले, तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा.